नव्या उच्चांकानंतर टार्गेट कुठे ठेवायचं? मागच्या पडझडीवरून एक्स्टेन्शन काढण्याची पद्धत

आडवीरेषा

शेअर किंवा निर्देशांक जुना सर्वोच्च भाव ओलांडतो तेव्हा वर डावीकडे काहीच नसतं. जुनं शिखर नाही, अडकलेले विक्रेते नाहीत, रेघ मारायला जागा नाही. मग बहुतेक लोक गोल आकडा पकडतात किंवा नफा दिसला की विकून मोकळे होतात. यापेक्षा बरा आधार म्हणजे नुकतीच भरून निघालेली पडझड. ती किती खोल होती त्या प्रमाणात वरची पायरी मोजायची. धागा फक्त तेवढ्यासाठीच आहे, फिबोनाचीच्या बाकी पसाऱ्यासाठी नाही.

उदाहरण म्हणून निफ्टी 50 घेऊ, कारण आकडे कुणालाही तपासता येतात. 20 जानेवारी 2020 ला शिखर 12,430.50. 24 मार्च 2020 ला तळ 7,511.10. म्हणजे खड्ड्याची खोली 4,919.40. नोव्हेंबर 2020 मध्ये, दिवाळीच्या आठवड्यात, 9 तारखेला निफ्टी या शिखराच्या वर 12,461 ला बंद झाला. त्या संध्याकाळी टार्गेटचा हिशेब असा:

```
टार्गेट = तळ + गुणक × (शिखर − तळ)

1.272 → 7511.10 + 1.272 × 4919.40 = 13,768.6
1.618 → 7511.10 + 1.618 × 4919.40 = 15,470.7
```

एक्सेलमध्ये शिखर B1 ला आणि तळ B2 ला असेल तर `=B2+1.618*(B1-B2)`. डोक्यात ठेवायला सोपं रूप असं: जुन्या शिखरावर खोलीचा 0.272 हिस्सा चढवला की पहिली पायरी, 0.618 हिस्सा चढवला की दुसरी. लेबलवर 1.618 लिहिलेलं असलं तरी शिखराच्या वर प्रत्यक्षात 0.618 एवढंच जायचं असतं. अर्धे घोटाळे इथेच होतात.

पुढे काय झालं? 18 डिसेंबरला निफ्टी 13,773 पर्यंत गेला. 21 डिसेंबरला सकाळी 13,777.50 आणि त्याच दिवशी ब्रिटनमधल्या कोविडच्या नव्या प्रकाराच्या बातमीवर 13,131 पर्यंत घसरण. म्हणजे पहिली पायरी 13,769 आणि वळण 13,777. तिथून सावरून पुढे 16 फेब्रुवारी 2021 ला 15,431.75, आणि मग दोन महिने खाली. दुसरी पायरी 15,471 होती.

बातमी कुठली येणार हे रेषेला माहीत नव्हतं, तसा दावाही नाही. इतक्या वर आल्यावर नफा काढायची घाई असलेले लोक बरेच असतात, म्हणून निमित्त मिळालं की घसरण मोठी होते, एवढंच मला म्हणायचं आहे.

नवा_गडी

छान माहिती. म्हणजे 61.8 टक्क्यांवर आलं की खरेदी करायची ना? माझा शेअर आता 50 टक्क्यांच्या खाली आहे, थांबू का?

मंजिरी_ठाणे

@नवा_गडी, तुम्ही विचारताय ते रिट्रेसमेंट, म्हणजे पडझडीत किंवा उसळीत भाव कुठे अडखळेल ते. ती रेषा शिखर आणि तळ यांच्या मधे असते. इथे चर्चा शिखराच्या वरच्या रेषांची आहे, आणि तीही खरेदीसाठी नाही, विक्रीचं नियोजन करण्यासाठी. तुमचा शेअर अजून खड्ड्यातच आहे, त्याला हा धागा लागू नाही.

डोंगरवाट

आडवीरेषा साहेब, हे दोन बिंदूंचं गणित जुनं झालं. एक्स्टेन्शन तीन क्लिकचं असतं, त्यासाठी `Trend-Based Fib Extension` हे टूल आहे. मी मार्चचा तळ, मग जानेवारीचं शिखर, आणि तिसरा बिंदू ब्रेकआउटवर 12,430 ला दिला. 161.8 टक्के म्हणजे 20,390 येतात. 15,470 ही पातळी माझ्याकडे फक्त 61.8 ला दिसते, ते तर टार्गेटच नव्हे. एवढ्या लवकर विकायचं कशाला?

आडवीरेषा

डोंगरवाट, टूल बरोबर आहे, लेबल वाचताना गल्लत होते आहे. तीन क्लिकच्या टूलमध्ये मोजणी तिसऱ्या बिंदूपासून सुरू होते. तुम्ही तिसरा बिंदू शिखरावर ठेवलात, म्हणजे शिखरापासून वर 4,919 चे 61.8 टक्के, तेच 15,470. माझी मोजणी तळापासून आहे, म्हणून त्याच रेषेचं नाव माझ्याकडे 1.618. जागा एकच, लेबल दोन. तुमचं 161.8 म्हणजे माझ्या हिशेबात 2.618.

आणि हा फक्त नावाचा वाद नाही. 20,390 ला पहिलं टार्गेट समजून बसलेल्याला निफ्टीने तो आकडा डिसेंबर 2023 मध्ये दाखवला. तीन वर्षांनी. मधे ऑक्टोबर 2021 चं 18,604 आणि जून 2022 चं 15,183, हे दोन्ही बघायला लागले.

तीन बिंदूंची पद्धत वेगळ्या जागी योग्य आहे. चढण, मग त्या चढणीचाच काही भाग परत देणारी घसरण, आणि मग नवा उच्चांक. तिथे चढणीचा तळ, चढणीचं शिखर, घसरणीचा तळ अशा क्रमाने क्लिक करायचं. अट एकच: तिसरा बिंदू पहिल्यापेक्षा वर हवा. 2020 ला ती अट मोडत होती. पहिला बिंदू ऑक्टोबर 2018 चा तळ 10,004, दुसरा 12,430, तिसरा 7,511 असं घेतलंत तर 161.8 टक्के 11,436 येतात, म्हणजे जुन्या शिखराच्याही खाली. नव्या उच्चांकाचं टार्गेट जुन्या उच्चांकाच्या खाली आलं की समजायचं, बिंदू चुकलेत.

डोंगरवाट

अच्छा, हे मोजणी कुठून सुरू होते ते लक्षात नव्हतं आलं. पण मग दोन क्लिकवाल्या `Fib Retracement` ने काढलं तर माझ्याकडे 1.618 खाली जाते, तळाच्याही खाली. ते का?

मंजिरी_ठाणे

क्लिकचा क्रम. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये दुसरी क्लिक शून्य धरली जाते आणि पहिली 1. वरची टार्गेट हवी असतील तर आधी शिखरावर क्लिक करा, मग तळावर. उलट केलंत तर रेषा तळाखाली जाणार. काढून झालं असेल तर सेटिंगमध्ये `Reverse` वर खूण केली तरी चालतं. 1.272 बहुतेक वेळा मुळात दिसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

पडताळणीसाठी एक सवय: चार्टवर 1 ची रेषा जुन्या शिखरावर बसली आहे का ते आधी बघायचं. ती तिथे नसेल तर बाकीच्या रेषा बघूच नका.

हिशेबनीस

उदाहरण आकर्षक आहे, पण ते जुळतंय म्हणूनच निवडलेलं आहे. पुढच्याच मोठ्या खड्ड्याचा हिशेब मांडतो.

19 ऑक्टोबर 2021 चं शिखर 18,604.45, 17 जून 2022 चा तळ 15,183.40. खोली 3,421. पहिली पायरी 19,535, दुसरी 20,719.

नोव्हेंबर 2022 च्या शेवटी नवा उच्चांक झाला. 1 डिसेंबरला 18,887.60 पर्यंत जाऊन बाजार फिरला. पहिल्या पायरीला 650 अंक बाकी असतानाच. 20 मार्च 2023 ला निफ्टी 16,828 वर होता. म्हणजे ब्रेकआउटवर घेतलेल्याला दोन्ही टार्गेटपैकी एकही न दिसता तोटा.

मग 2023 च्या जून-जुलैत दुसरा प्रयत्न झाला आणि सप्टेंबरमध्ये 20,222 ला वळण आलं. कुठल्याच रेषेवर नाही, खोलीच्या भाषेत 1.47 वर. आणि 20,719 ही बहुचर्चित दुसरी पायरी? 4 डिसेंबर 2023 ला निफ्टी 20,687 ला बंद, दुसऱ्या दिवशी 20,855. रेषेपाशी न थांबता पार.

2020 च्या खड्ड्यावरूनसुद्धा ऑक्टोबर 2021 चं शिखर काढून बघा, 2.255 येतं. त्या जागी कुणाचीही रेषा नसते. काही जण नंतर 2.272 नावाची रेषा घालतात आणि म्हणतात बघा जुळलं. रेषा वाढवत गेलात तर काहीही जुळेल.

आडवीरेषा

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत आणि ते इथे यायलाच हवे होते. दोन गोष्टी वेगळ्या करू या.

भाव तिथेच वळेल असं भाकीत म्हणून या रेषा घेतल्या तर तुमचा आक्षेप पूर्ण मान्य. मी त्या दुसऱ्या कामासाठी घेतो. खरेदीच्या आधी, डोकं शांत असताना, किती हिस्सा कुठे विकायचा हे लिहून ठेवायला एक मोजमाप लागतं. ते मोजमाप त्या शेअरच्या स्वतःच्या हालचालीतून आलेलं असलं तर सरसकट दहा टक्क्यांपेक्षा बरं. संथ शेअरला दहा टक्के जास्त, चपळ शेअरला कमी.

डिसेंबर 2022 बद्दल सांगायचं तर फसलेला ब्रेकआउट ओळखण्याचं काम एक्स्टेन्शनचं नाहीच. ते स्टॉपलॉसचं काम. नव्या उच्चांकानंतर साप्ताहिक बंद भाव परत जुन्या शिखराच्या खाली गेला की टार्गेटचा कागद फाडायचा. तेव्हा तसंच झालं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाव 18,604 च्या खाली येऊन बसला. ज्यांनी 19,535 ची वाट बघत स्टॉप खाली सरकवला त्यांचं नुकसान रेषेने नाही, वाट बघण्याने केलं.

नव्या रेषा घालू नयेत, यावर तर हजार टक्के सहमत. माझ्याकडे दोनच असतात. फार तर 2.0, ती गोल दुप्पट म्हणून.

वायदेवाला

रेषा कुठलीही चालते हो, प्रश्न क्वांटिटीचा आहे. त्यावर कुणी बोलतच नाही. 9 नोव्हेंबरला 12,461 ला घेतलं, स्टॉप कुठे, पहिल्या पायरीवर किती विकलं, उरलेल्याचा स्टॉप कुठे. हे सांगा.

मंजिरी_ठाणे

मांडून दाखवते. ऑक्टोबर 2020 च्या अखेरचा तळ 11,535 च्या आसपास होता, स्टॉप त्याखाली. म्हणजे जोखीम साधारण 926 अंक. पहिली पायरी 1,308 अंकांवर, जोखमीच्या 1.41 पट. दुसरी 3,010 अंकांवर, 3.25 पट.

इथे आधी तपासायची गोष्ट: पहिली पायरी निदान जोखमीएवढी तरी दूर आहे का? ती शिखरापासून खोलीच्या 0.272 एवढीच असते. खड्डा उथळ असेल, समजा चार टक्के, तर पहिली पायरी शिखरावर जेमतेम एक टक्का येते. तेवढं तर एका दिवसात हलतं. तेव्हा ती पायरी सोडून द्यायची, थेट 1.618 हे पहिलं टार्गेट धरायचं किंवा एखादा मोठा खड्डा शोधायचा.

2020 च्या बाबतीत पहिली पायरी पुरेशी दूर होती, म्हणून तीन समान हिस्से. 300 युनिट असतील तर 100 पहिल्या पायरीवर, 100 दुसरीवर, 100 ट्रेल, म्हणजे भाव चढेल तसा मागून स्टॉप वर सरकवत ठेवायचे. ऑर्डर नेमकी रेषेवर लावायची नाही, 0.3 टक्के खाली. म्हणजे 13,769 ऐवजी 13,728 आणि 15,471 ऐवजी 15,424. फेब्रुवारीत याचा उपयोग झाला असता. शिखर 15,431.75, रेषेपासून 39 अंक खाली. रेषेवर ऑर्डर ठेवणाऱ्याचा एकही युनिट विकला गेला नसता, 15,424 वाल्याचा गेला असता.

पहिला हिस्सा विकल्यावर उरलेल्याचा स्टॉप खरेदीभावाला, म्हणजे 12,461 ला. त्यापेक्षा वर ओढायची घाई नको. 13,777 वरून 13,131 ही 646 अंकांची घसरण म्हणजे ब्रेकआउटनंतरच्या चढणीचा निम्मा भाग. कुणी स्टॉप 13,400 ला आणून ठेवला असेल तर तो त्याच दिवशी बाहेर पडला, आणि उरलेली चाल त्याच्याविना झाली.

वायदेवाला

हां, आता पटलं. फक्त वायद्यात स्टॉप खरेदीभावाला आणला तरी दर महिन्याचा रोलओव्हर खर्च मोजायला हवा, तीन महिन्यांची चाल होती ती. आणि रेषा स्पॉटच्या चार्टवर काढून ऑर्डर फ्युचरमध्ये टाकणार असाल तर त्या दिवशीचा प्रीमियम मिळवूनच आकडा टाका. 60-70 अंकांचा फरक सहज असतो, तुमच्या 0.3 टक्क्यापेक्षा जास्त.

सावंतवाडीकर

माझा प्रश्न शेअरचा आहे, नाव मुद्दाम देत नाही. जुनं शिखर 1,684, तळ 1,220, त्यावरून 1.618 चं टार्गेट 1,970 काढलं होतं. ब्रेकआउट झाला, मग कंपनीने एकास एक बोनस दिला. आता भाव 905 आणि माझ्या रेषा चार्टच्या वर कुठेतरी गायब आहेत. लांबच्या भावाला आधीच लावून ठेवलेली जीटीटी ऑर्डरही दिसत नाही. परत नवीन शिखर-तळ शोधू का?

मंजिरी_ठाणे

नवीन काही शोधायचं नाही. सगळे आकडे निम्मे करा. शिखर 842, तळ 610, पहिली पायरी 905, दुसरी 985. तुम्ही आज बरोब्बर पहिल्या पायरीवर उभे आहात. शेअरची संख्या दुप्पट झाली असेल, त्यामुळे हिस्सेही त्या नव्या संख्येवर धरा.

चार्टवरचे जुने भाव बोनसनंतर आपोआप निम्मे होतात, पण हाताने काढलेल्या रेषा जुन्याच आकड्याला चिकटून राहतात. त्या पुसून नव्याने काढायच्या. जीटीटी बोनस किंवा स्प्लिटच्या वेळी ब्रोकर सहसा रद्द करतात, नोटीस ईमेलने येते. परत लावताना एक बघा: डीडीपीआय, म्हणजे ब्रोकरला तुमचे विकलेले शेअर खात्यातून काढण्याची कायमची परवानगी, दिलेलं नसेल तर ट्रिगर लागूनही विक्री अडते, कारण टीपीन टाकून त्या दिवशीची मंजुरी दिलेली नसते. लांबचं टार्गेट लावून निवांत बसणाऱ्यांनी हे आधी करून घ्यावं.

सावंतवाडीकर

धन्यवाद ताई. डीडीपीआय दिलेलं नाही, आजच बघतो. आणि बोनसचे शेअर अजून खात्यात यायचे आहेत, तोवर विकता येणार नाहीत ना?

मंजिरी_ठाणे

जमा होईपर्यंत नाही. तेव्हा आत्ता जे खात्यात आहेत त्यातूनच पहिला हिस्सा काढा, एकूण संख्येच्या एक तृतीयांश.

डोंगरवाट

एक विचारतो. खड्डा कुठला घ्यायचा हे कसं ठरवायचं? मोठ्या खड्ड्यात छोटे खड्डे असतातच. ज्याला जो सोयीचा वाटेल तो.

आडवीरेषा

नुकतंच जे शिखर ओलांडलं, त्याच शिखरावरून सुरू झालेला खड्डा. एवढाच नियम. नोव्हेंबर 2020 ला ओलांडलेलं शिखर 12,430, तेव्हा त्याचाच खड्डा. ऑगस्टच्या अखेरीस एक छोटं शिखर होऊन सप्टेंबरमध्ये घसरण झाली होती, तो खड्डा नव्या उच्चांकाशी संबंधित नाही.

वाटेत नवे खड्डे पडतात ते मात्र उपयोगी. जानेवारी 2021 मध्ये तसं झालं. 21 जानेवारीला 14,753.55 हे शिखर आणि बजेटच्या आधी 29 जानेवारीला 13,596.75 हा तळ. 1 फेब्रुवारीच्या बजेटनंतर हे शिखर दोन दिवसांतच ओलांडलं गेलं. या छोट्या खड्ड्याची खोली 1,156.80, त्यावरून 1.618 काढलं तर 15,468. आणि दहा महिन्यांपूर्वीच्या मोठ्या खड्ड्यावरून 15,471. दोन वेगळ्या मापांनी तीन अंकांच्या फरकाने एकच जागा.

असं झालं की त्या जागी विकायचा हिस्सा वाढवावा असं माझं मत. म्हणजे एक तृतीयांशऐवजी निम्मा. आणि हे नंतर शोधलेलं नाही असं म्हणता यावं म्हणून तारखेकडे बघा: 3 फेब्रुवारीला दोन्ही आकडे कागदावर मांडता येत होते, शिखर 16 तारखेला झालं.

हिशेबनीस

जुळणी लक्षणीय आहे, नाकारत नाही. पण दोन खड्डे, प्रत्येकी दोन-तीन रेषा, म्हणजे पाच-सहा रेषा झाल्या. त्यांतल्या कुठल्यातरी दोन जवळ येण्याची शक्यता मुळातच कमी नसते. जुळणी किती वेळा झाली आणि त्यातल्या किती वेळा भाव वळला, हे दोन्ही मोजल्याशिवाय हिस्सा वाढवू नये असं माझं मत.

शिवाय एक प्रश्न अजून कुणी काढला नाही. हे सगळं साध्या स्केलवर आहे. लॉग स्केलवर काढून बघा. 7,511 ते 12,430 ही 65 टक्क्यांची चाल आहे, इतक्या मोठ्या चालीत अंक आणि टक्के वेगळे बोलतात. लॉगवर पहिली पायरी 14,256 आणि दुसरी 16,971 येते. 15,470 कुठेच नाही.

मंजिरी_ठाणे

हे खरं आहे, आणि लोक नकळत यात सापडतात. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये चार्ट लॉगवर असला तरी रेषा साध्या गणिताने काढल्या जातात, जोवर सेटिंगमध्ये `Fib levels based on log scale` वर खूण नसते. म्हणून दोन जणांचा चार्ट सारखा दिसतो आणि टार्गेट वेगळी येतात. खड्डा दहा-पंधरा टक्क्यांचा असेल तर फरक किरकोळ पडतो. 40-50 टक्के पडून परत वर आलेल्या शेअरमध्ये मात्र फरक मोठा पडतो, दुसऱ्या पायरीत तर जास्तच.

मी साधं स्केल वापरते, कारण त्यातली टार्गेट जवळची येतात आणि आधी विकलं जातं. हे सावधपणाचं कारण झालं, अचूकतेचं नव्हे.

आडवीरेषा

माझंही साधंच. पण खड्डा निम्म्याहून खोल असेल तर लॉगची पहिली पायरीही लिहून ठेवतो आणि तिसरा हिस्सा तिथवर जातो का ते बघतो. 2021 च्या जानेवारीत 14,256 पाशी काही विशेष घडलं नव्हतं, भाव सरळ 14,753 पर्यंत गेला. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नाही.

वायदेवाला

शिखर-तळ घेताना सावली, म्हणजे कँडलची शेपटी, धरायची की बंद भाव, हेही सांगून टाका. मार्च 2020 ला नुसत्या कँडलच्या शेपट्याच शेकडो अंकांच्या होत्या.

आडवीरेषा

दोन्ही चालतात, मिसळ करू नये. बंद भावाने घेतलं तर शिखर 12,362, तळ 7,610 आणि दुसरी पायरी 15,299. त्या फेब्रुवारीत सर्वात वरचा बंद भाव 15 तारखेचा 15,314.70. म्हणजे बंदची पायरी बंद भावाला तपासायची आणि सावलीची पायरी दिवसाच्या उच्चांकाला. सावलीने काढलेली रेषा घेऊन बंद भाव वर गेला नाही म्हणून थांबून राहणं ही नेहमीची चूक.

एकच अपवाद करतो. एखाद्या कमी उलाढालीच्या शेअरमध्ये सकाळच्या पहिल्या मिनिटाला चुकीच्या ऑर्डरने लांबलचक शेपटी उमटते. उलाढाल बघायची, त्या भावाला मोजके शेअर गेले असतील तर ती शेपटी सोडून पुढचा खरा तळ घ्यायचा.

डोंगरवाट

आणि गॅप? 4 डिसेंबर 2023 सारखं वरच उघडलं तर?

मंजिरी_ठाणे

विक्रीची लिमिट ऑर्डर असेल तर फायदाच, उघडण्याच्या चांगल्या भावाला जाते. त्या वेळचं बघा: सप्टेंबरचं 20,222 ते ऑक्टोबरचं 18,838 या खड्ड्याची पहिली पायरी 20,599. शुक्रवारी 1 डिसेंबरला निफ्टी शिखराच्या वर 20,268 ला बंद झाला. रविवारी विधानसभांचे निकाल लागले आणि सोमवारी 20,602 ला उघडला. अख्खी पहिली पायरी एका रात्रीत. शुक्रवारी घेतलेल्याने सोमवारी उघडतानाच पहिला हिस्सा विकावा. सोमवारी नव्याने घ्यायचं असेल तर पहिली पायरी संपलेली आहे असं धरून 1.618 चा, म्हणजे 21,078 चा हिशेब करावा. तिथवर 476 अंक, आणि स्टॉप 20,222 च्या खाली म्हणजे 380 च्या वर. सव्वापट. मी तो व्यवहार सोडून देईन.

वायदेवाला

मी घेईन, पण निम्म्या क्वांटिटीने. तेव्हा 21,078 च्या पुढे गेलाच की तो महिन्याभरात.

हिशेबनीस

गेला हे आता माहीत आहे. मी असं करतो: 2003 पासून निफ्टीने किमान आठ टक्क्यांच्या घसरणीनंतर जेवढे नवे उच्चांक केले ते सगळे काढतो. प्रत्येकात दोनच गोष्टी नोंदवतो. जुन्या शिखराखाली साप्ताहिक बंद होण्याआधी पहिली पायरी आली का, आणि दुसरी आली का. वळण रेषेवर झालं का हे नोंदवतच नाही, कारण त्याची व्याख्या ज्याच्या त्याच्या सोयीची होते. आडवीरेषा, खड्डा मोजताना सावली घेऊ की बंद?

आडवीरेषा

दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. आणि आठ टक्क्यांच्या जोडीला पाच टक्क्यांचीही यादी करा, उथळ खड्ड्यात पहिली पायरी निरुपयोगी ठरते हा मंजिरीताईंचा मुद्दा त्यातून तपासला जाईल.

मंजिरी_ठाणे

त्यात स्टॉप किती अंकांवर होता तो रकानाही घाला. पायरी आली पण जोखमीच्या अर्ध्या अंतरावर आली, तर ती आली म्हणून मोजू नका.